जादू म्हणू नका, वजन करून बघा



तांब्याच्या नळीतून हळूहळू खाली उतरणारं चुंबक तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. नळी उभी धरायची, वरून चुंबक सोडायचं, आणि ते धपकन पडायच्या ऐवजी झाडावरून पान उतरावं तसं सावकाश उतरतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे तर पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच गंमत वाटते.

मी हा प्रयोग सातवीच्या वर्गात पहिल्यांदा केला तेव्हा एक चूक केली. तीच आज सांगणार आहे, कारण आपण बहुतेक जण ती करतो. चुंबक सोडताना मी म्हणाले, "बघा हं, आता जादू!" मुलं खूश झाली, टाळ्या पडल्या. पण मधल्या सुट्टीत बघते तर एक मुलगा नळीला हात लावायला तयार नव्हता. बाकीच्यांनी आग्रह केला तर म्हणाला, "नाई, मले नाई लागत." नंतर कळलं, त्याच्या मोहल्ल्यात एका म्हातारीबद्दल लोक 'जादू करते' असं कुजबुजत होते, आणि त्याच्या घरी तो शब्द मोठ्यानं उच्चारतसुद्धा नव्हते.

पुण्या-मुंबईत जादू म्हणजे वाढदिवसाला बोलावलेला माणूस. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या शब्दामुळे माणसं गावातून हाकलली गेली आहेत, मारली गेली आहेत. 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला तो उगाच नाही. त्यामुळे माझं मत आता पक्कं झालं आहे: आपल्या वर्गात विज्ञानाचा प्रयोग 'जादू' म्हणून दाखवू नये. कौतुक म्हणूनही नाही. आणि दुसरं मत असं की 'एडी करंट' किंवा 'लेन्झचा नियम' एवढं नाव सांगून मोकळं होणं हेही जवळपास तेच आहे. मुलाला एका न कळणाऱ्या शब्दाऐवजी दुसरा न कळणारा शब्द मिळतो, इतकंच.

मग करायचं काय? मी पुढच्या वर्षी काय केलं ते सांगते.

सामान

फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याचा पाइप मिळतो. मी 'पाच सूत' पाइपचा दोन फुटी, म्हणजे साठ सेंटिमीटरचा तुकडा आणला. पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, बाहेरून सुमारे 16 मिलिमीटर. जाडी एक मिलिमीटर, म्हणजे आतली पोकळी 14 मिलिमीटरच्या आसपास. वजन अडीचशे ग्रॅम.

चुंबक निओडिमियमचं हवं, चांदीसारखं चकचकीत असतं ते. 12 मिलिमीटर व्यासाच्या आणि 5 मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकावर एक चिकटवल्या. दोन का, तर एकच पातळ चकती नळीत आडवी होऊन गडबडते आणि मग वेळ दर वेळी वेगळी येते. दोन चकत्यांचं मिळून वजन साडेआठ ग्रॅम. स्पीकरमधलं काळं चुंबक चालत नाही, ते फार कमजोर पडतं.

इथे पालकांना एक कळकळीची सूचना. ही चुंबकं लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन चकत्या वेगवेगळ्या गिळल्या गेल्या तर पोटात आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना ओढतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात. प्रयोग झाला की मोजून डब्यात ठेवायची.

आधी मुलांचे अंदाज

या वेळी मी काहीच जाहीर केलं नाही. चुंबक सोडलं. मुलांनी मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजली: आठ सेकंद. साठ सेंटिमीटरवरून मोकळी सोडलेली वस्तू सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जमिनीवर येते. मग विचारलं, का होत असेल? तीन उत्तरं आली. एक, तांबं चुंबकाला चिकटवून घेतं. दोन, आत हवा कोंडली आहे, ती चुंबकाला वर ढकलते. तीन, चुंबक नळीला घासत जातं.

तिन्ही उत्तरं समंजस आहेत. त्यांना 'चूक' म्हणून पुसायचं नाही, तपासायचं. चुंबक नळीला बाहेरून टेकवलं: चिकटलं नाही, गळून पडलं. (चिकटलं असतं तर तो पाइप तांब्याचा नाही, वरून मुलामा दिलेलं लोखंड आहे, हे लक्षात ठेवा. अशी फसवणूक होते.) मग तेवढ्याच पोकळीच्या प्लॅस्टिकच्या पाइपमधून तेच चुंबक सोडलं: खटकन खाली. हवा तिथेही तेवढीच होती आणि घासायला भिंतही होती. मग चुंबकाच्या मापाचा साधा लोखंडी तुकडा तांब्याच्या नळीतून सोडला: तोही खटकन खाली. म्हणजे फक्त तांबं असून भागत नाही आणि फक्त चुंबक असूनही भागत नाही. दोन्ही लागतात, आणि चुंबक हलतं असावं लागतं, कारण स्थिर असताना तांब्याला त्याचं काहीच सोयरसुतक नसतं.

एवढं मुलांनी स्वतः काढलं. मी एकही नियम सांगितला नव्हता.

खरा प्रश्न

मग सातवीतल्या एका मुलीनं जे विचारलं त्यानं माझी बोलती बंद झाली. ती म्हणाली, "मॅडम, चिकटत नाई, हवा नाई, घासत नाई, तं मंग त्याले धरून कोन ठेवते जी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. साडेआठ ग्रॅमचं चुंबक एकसारख्या चालीनं उतरतं आहे. नळीच्या मध्यावर खूण करून बघितलं तर वरच्या अर्ध्या भागाला चार सेकंद, खालच्या अर्ध्यालाही चार सेकंद. चाल वाढत नाही, याचा अर्थ त्याचं वजन कुणीतरी पुरतं तोलून धरलं आहे. कोणी?

उत्तर तोंडी न देता मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. काट्यावर चार बोटं जाड लाकडी ठोकळा ठेवला, त्यावर ओल्या मातीच्या गोळ्यात नळी उभी रोवली. ठोकळा यासाठी की चुंबक खाली पोहोचलं तरी काट्याच्या यंत्रापासून लांब राहावं. मग काटा शून्यावर आणला. आता नळीला हात न लावता वरून चुंबक सोडायचं आणि आकड्याकडे बघायचं.

चुंबक आत गेलं आणि काट्यावर 8, मग 9, मग 8 असा आकडा स्थिरावला. चुंबक अजून तळाला पोहोचलेलं नव्हतं. कशालाही टेकलेलं नव्हतं, नळीच्या मधोमध उतरत होतं, आणि तरी काटा त्याचं पूर्ण वजन दाखवत होता. प्लॅस्टिकच्या नळीनं हेच केलं तर काटा शून्यच दाखवतो आणि चुंबक तळाशी आदळल्यावरच आकडा उडी मारतो.

म्हणजे चुंबकाला धरून ठेवणारी वस्तू ती नळीच. नळी चुंबकाला वर ढकलते आणि चुंबक नळीला तेवढ्याच जोरानं खाली दाबतं. तो दाब काट्यानं मोजला. माझ्या मते हा प्रयोग व्हिडिओतल्या नळीपेक्षा दहापट मोलाचा आहे. तिथे फक्त नवल वाटतं, इथे 'कोण' याचं उत्तर आकड्यात मिळतं.

बांगड्यांची उतरंड

आता 'कसं' हे सांगायची वेळ. मी मुलींच्या बांगड्या मागून घेतल्या आणि एकावर एक रचल्या. म्हटलं, तांब्याची नळी म्हणजे अशा हजारो पातळ बांगड्यांची उतरंड समजा.

1831 साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवलं की बांगडीसारख्या बंद तारेतून जाणारं चुंबकत्व कमी-जास्त झालं की तारेत वीज वाहू लागते. ते बदललं नाही तर काही होत नाही. आणि जिच्यात वीज फिरते ती बांगडी तेवढ्यापुरती स्वतःच चुंबक बनते. मुलांना दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात हे पुन्हा भेटतं.

चुंबक उतरताना त्याच्या खालच्या बांगडीकडे बघा. चुंबक जवळ येतं आहे, तिच्यातलं चुंबकत्व वाढतं आहे. तिच्यात अशा दिशेनं वीज फिरते की तो वाढीचा बदल अडावा. म्हणजे तिचं वरचं तोंड चुंबकाच्या खालच्या ध्रुवासारखंच बनतं. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, म्हणून ही बांगडी चुंबकाला वर ढकलते. आता वरच्या बांगडीकडे बघा. चुंबक तिला सोडून चाललं आहे, चुंबकत्व घटतं आहे. तिच्यात वीज उलट दिशेनं फिरते, तिचं तोंड विरुद्ध ध्रुवाचं बनतं आणि ती चुंबकाला मागे, म्हणजे वरच, ओढते. खालची ढकलते, वरची ओढते, दोघींचा जोर एकाच दिशेला. चुंबक पुढे सरकलं की पुढच्या बांगड्या हेच काम उचलतात.

वीज नेहमी बदलाला अडवणाऱ्याच दिशेनं का फिरते? हाइनरिख लेन्झ यांनी 1834 साली हा नियम मांडला. मुलांना तो उलटा करून पटवता येतो. समजा ती वीज चुंबकाला मदत करणारी असती. मग चुंबक जरा हललं की नळीनं त्याला आणखी जोरात खाली ओढलं असतं, त्यानं आणखी वीज, आणखी वेग, आणि फुकटात न संपणारी शक्ती. तसं झालं असतं तर आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला कोळशाची गरजच उरली नसती. मुलं यावर हसतात आणि लक्षातही ठेवतात.

तांब्याच्या अंगातच गोल फिरणाऱ्या या विजेला भोवरा धारा म्हणतात, इंग्रजी नाव एडी करंट. वैनगंगेला पूर असताना पुलाच्या खांबामागे पाणी गोल फिरतं, तो भोवरा आपल्या मुलांनी पाहिलेला असतो. नाव आत्ता सांगायचं, सगळ्यात शेवटी. आता ते रिकामं नाव राहिलेलं नाही.

थांबत का नाही?

एका मुलानं विचारलं, नळी एवढी अडवते तर चुंबक मध्येच थांबत का नाही? याचं उत्तर वरच्याच गोष्टीत आहे. चुंबक थांबलं की बदल थांबला, बदल थांबला की वीज थांबली, वीज थांबली की आधार गेला. म्हणजे ते पुन्हा पडू लागणारच. भोवरा धारा चुंबकाला सावकाश उतरवू शकते, टांगून ठेवू शकत नाही.

आणि चाल एकसारखी का? सोडल्याबरोबर चुंबक वेग घेतं. वेग वाढला की वीज वाढते आणि आधारही वाढतो. आधार वजनाइतका झाला की वेग वाढायचं कारण उरत नाही. आमच्या नळीत हे इतक्या लवकर होतं, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, की डोळ्याला चुंबक पहिल्यापासून एकाच चालीनं जाताना दिसतं: सेकंदाला साडेसात सेंटिमीटर.

मग वरून पडताना मिळालेली ऊर्जा गेली कुठे? तांब्यात फिरणाऱ्या विजेनं तांबं तापलं. "गरम लागत नाई, मॅडम," असं मुलं नळीला हात लावून म्हणाली, आणि त्यांचं बरोबर होतं. आम्ही हिशेब केला. साडेआठ ग्रॅम वस्तू साठ सेंटिमीटर खाली येताना जेमतेम 0.05 जूल ऊर्जा देते. अडीचशे ग्रॅम तांब्याला एक अंश तापवायला सुमारे 97 जूल लागतात. म्हणजे नळी तापली ती अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. हाताला कसं कळणार? पण 1855 साली फूको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी जोरानं फिरवून ती तापलेली दाखवली होती.

कुठे फसतं

दोन ठिकाणी शिक्षकांची फजिती होते. पहिलं, नळी मोठी घेतली जाते. नळीची त्रिज्या वाढली की आधार फार झपाट्यानं घटतो. लहान चुंबकासाठी हिशेब असा की नळीची भिंत दुप्पट लांब गेली तर आधार सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून चुंबक आणि भिंत यांच्यात एक-दोन मिलिमीटरच फट हवी.

दुसरी फजिती जास्त शिकवणारी आहे. 'बांगडी फोडली तर वीज फिरणार नाही' असं म्हणून काही जण नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडतात आणि चुंबक आता धाडकन पडेल असं मुलांना आधीच सांगून टाकतात. तसं होत नाही. चुंबक आधीपेक्षा लवकर उतरतं, पण तरीही सावकाशच. कारण चुंबकाच्या खालची वीज आणि वरची वीज उलट दिशांनी फिरत असते. चिरेपाशी अडलेली खालची धारा वळून वरच्या धारेला जाऊन मिळते आणि चीर न ओलांडताच भोवरा पूर्ण करते. बांगड्यांची उपमा इथे तोकडी पडते, कारण नळीच्या बांगड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. हे मुलांना सांगायला लाजू नये. उपमा कुठपर्यंत चालते हे सांगणं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

तांब्याचा पाइप महाग पडत असेल तर जर्मनचं सपाट ताट किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा तिरपा धरा. त्यावरून चुंबक घसरू द्या आणि शेजारी तेवढ्याच उतारावर पुठ्ठा ठेवा. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या सुमारे साठ टक्के सहजतेनं वाहते, त्यामुळे फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो.

घरातला मीटर

शेवटी हे सगळं मुलांच्या घरापर्यंत नेलं. आता डिजिटल मीटर आले, पण जुन्या घरांच्या भिंतीवर काचेआड फिरणाऱ्या चकतीचा मीटर अजून कुठेकुठे दिसतो. ती चकती ॲल्युमिनियमची असते. तिला फिरवतात भोवरा धारा आणि आवरतात त्याही भोवरा धाराच. एका बाजूच्या वेटोळ्यांमुळे चकतीत धारा उठतात आणि तिला ढकलतात. घरात जितकी वीज खर्च होते तितका हा धक्का मोठा. दुसऱ्या बाजूला चकतीची कड एका कायम चुंबकाच्या फटीतून जाते आणि तिथे तिला ब्रेक लागतो, आपल्या नळीत लागतो तसाच.

हा ब्रेक नसता तर चकती वेग घेत गेली असती आणि बिलाला काही अर्थ उरला नसता. ब्रेकचा जोर वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणून चकतीचा वेग विजेच्या खर्चाच्या प्रमाणात राहतो. मीटरवर 'एका युनिटला 600 फेरे' असं असेल आणि घरात 100 वॅटचा एकच दिवा चालू असेल, तर तासाला युनिटचा दहावा हिस्सा, म्हणजे 60 फेरे, मिनिटाला एक. मुलांना घड्याळ लावून हे ताडता येतं.

तो नळीला हात न लावणारा मुलगा आता आठवीत आहे. काट्याच्या प्रयोगाच्या दिवशी तो शेजारच्या वर्गातून येऊन मागे उभा होता. मी काही बोलले नाही. सगळे गेल्यावर त्यानं स्वतः चुंबक उचललं, काटा शून्यावर आणला, चुंबक सोडलं आणि आकडा वाचला. मग प्लॅस्टिकच्या नळीतून सोडलं. मग पुन्हा तांब्याच्या. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं आणि जाताना म्हणाला, "मॅडम, हे तं कोनाच्याबी हातानं होते."

कुणाच्याही हातानं होतं. आणि वर्गात हा प्रयोग कुणाच्याही हातानं होऊ द्यायचा, एकट्या शिक्षकाच्या हातानं नाही.